सोसायटीचा पंप चालू आहे का, बेअरिंग बिघडतंय का: एक्सेलरोमीटरने ओळखता येईल?

सातवा_मजला (३ मार्च)

आमची इमारत डोंबिवलीत, सात मजली. जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवायला ३ एचपीचे दोन थ्री फेज मोनोब्लॉक पंप आहेत, एकाच सिमेंटच्या ओट्यावर शेजारी शेजारी. गेल्या मे महिन्यात एक नंबरच्या पंपाचं बेअरिंग जाम झालं. मोटर तशीच ओढत राहिली आणि वायंडिंग जळलं. दोन दिवस टँकर मागवले. वॉचमन नंतर म्हणाला, "मॅडम, पंधरा दिवस आवाज बदलला होता." पण तो कुणाला सांगायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. आमच्यापैकी कुणी विचारलंही नव्हतं.

आता कमिटीचं काम माझ्याकडे आहे. ईएसपी३२ बोर्ड आणि एमपीयू-६०५० हा एक्सेलरोमीटर एक नंबरच्या पंपावर बसवलाय. मला दोन गोष्टी कळायला हव्यात. पंप चालू आहे की बंद, आणि बेअरिंग खराब होऊ लागलंय का.

पहिलीतच अडकलेय. दर १० मिलिसेकंदांनी एक वाचन, अशी १०० वाचनं घेते, सरासरी वजा करते आणि आरएमएस, म्हणजे कंपनाचा एकूण जोर, काढते. पंप तोच, पाणी तेच, तरी आकडा कधी ०.०८ जी, तर कधी ०.०३. पंप बंद असतानाही कधी ०.००७ तर कधी ०.०२. उंबरठा कुठे ठेवू?

अनघा_के (३ मार्च)

चालू की बंद एवढंच हवं असेल तर एक्सेलरोमीटर कशाला? स्टार्टरच्या एका वायरभोवती करंट ट्रान्सफॉर्मर अडकवा, काम झालं. कोरडा चालला तर करंट उतरतो, जाम झाला तर चढतो. बेअरिंग घासायला लागलं की तेही करंटमध्ये दिसेलच.

ईएसपीवेडा (३ मार्च)

सरळ तिन्ही अक्षांची बेरीज घ्या, १.२ जीच्या वर गेली की पंप चालू. बेअरिंगसाठी एफएफटी करा, म्हणजे कंपन फ्रिक्वेन्सीप्रमाणे सुटं करून बघा, ६०५० ला १ किलोहर्ट्झ जमतं. बेअरिंगचा नंबर टाकला की फ्रिक्वेन्सी देणारे तक्ते नेटवर मिळतात. तिथे टोक उभं राहिलं की बेअरिंग गेलं. दोन तासांचं काम आहे.

कंपनकाका (४ मार्च)

साखर कारखान्यात आणि मग एका रासायनिक कारखान्यात मिळून २६ वर्षं कंपनं मोजण्यातच गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, पंप चालू असताना आकडा नाचतो तो तुमच्या १० मिलिसेकंदांमुळे. मोटरच्या कंपनात दोन मोठे भाग असतात. एक फिरण्याचा. दोन पोलची मोटर मिनिटाला साधारण २८८० फेरे घेते, म्हणजे ४८ हर्ट्झ. दुसरा विजेच्या चुंबकीय ओढीचा, तो ५० च्या दुप्पट, १०० हर्ट्झ. आता सेकंदाला बरोबर १०० वाचनं घेतली तर १०० हर्ट्झची लाट दर वेळी त्याच जागी सापडते. पाळणा प्रत्येक वेळी एकाच टोकाला असताना बघितला तर तो हलतोय हे कळणारच नाही, तसं. ती लाट सरासरीत मिसळते आणि तुम्ही सरासरी वजा करता, म्हणजे ती हातानेच पुसता. लाइनची फ्रिक्वेन्सी ५० च्या जराशी खालीवर सरकली की तीच लाट हळूहळू सरकताना दिसते आणि आकडा वर जातो. पंप काही वेगळा वागत नाही. सेकंदाला १००० वाचनं घ्या.

अनघाताईंचं म्हणणं चालू-बंदपुरतं अगदी बरोबर आहे, करंट ट्रान्सफॉर्मर स्वस्त आणि भरवशाचा. पण बेअरिंगचं घर्षण मोटरच्या एकूण कामापुढे इतकं किरकोळ असतं की ते करंटमध्ये नजरेला येईपर्यंत बेअरिंग जाम व्हायला आलेलं असतं. मागच्या मे मध्ये ताईंकडे नेमकं तेच झालं असणार.

वेड्या, १.२ जीचा उंबरठा इथे चालणार नाही. चांगल्या पंपाचं कंपन ०.०८ जी असेल तर बेरीज १.२ पर्यंत पोचेलच कशी? गुरुत्वाकर्षण वजा केल्याशिवाय हा खेळ जमत नाही. एफएफटीबद्दल नंतर लिहितो.

ताई, दोन प्रश्न. सेन्सर कुठे आणि कशाने चिकटवलाय? आणि बंद पंपावर ०.०२ येतं तेव्हा दुसरा पंप चालू असतो का?

द्राक्षबाग_निफाड (४ मार्च)

नमस्कार. आमच्या विहिरीत ५ एचपीची पाणबुडी मोटर आहे. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोनला लाइट येते, ऑटो स्विच मोटर सुरू करतो, पण एक फेज नसला तर ती नुसती गुंगते. हा सेन्सर पाण्यात टाकायचा का? पाइपाला बांधला तर चालेल का?

सातवा_मजला (५ मार्च)

काका, बरोबर पकडलंत. ०.०२ दिसलं तेव्हा दोन नंबरचा पंप चालू होता. सेन्सर एक नंबरच्या मागच्या पंख्याच्या पत्र्याच्या झाकणावर आहे, फोमच्या दुहेरी चिकटपट्टीने. तिथे सपाट जागा होती म्हणून.

कंपनकाका (५ मार्च)

ती जागा बदला. पंख्याचं झाकण पातळ पत्र्याचं असतं, ते ताशासारखं स्वतःच वाजतं. आणि फोमची पट्टी म्हणजे उशी. ४८ हर्ट्झ तिच्यातून जाईल, पण बेअरिंगची बारीक टकटक उंच फ्रिक्वेन्सीची असते, ती फोमातच विरते.

पंपाच्या बाजूच्या बेअरिंगजवळ, ओतीव लोखंडावर, शाफ्टला आडवी अशी जागा शोधा. दोन रुपयांच्या नाण्याएवढा रंग खरवडा, खाली चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे. बोर्ड एका छोट्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर स्क्रूने आवळा आणि ठोकळा दोन भागांच्या इपॉक्सीने लोखंडावर चिकटवा. इपॉक्सीचा थर जितका पातळ तितका चांगला. वायर पहिल्या दोन इंचांतच बांधून टाका, नाहीतर लोंबती वायर बोर्डाला हलवेल आणि तुम्ही वायरचं कंपन मोजत बसाल.

नंतर चार स्थितींत प्रत्येकी पाच मिनिटं नोंद घ्या: दोन्ही बंद, फक्त एक नंबर चालू, फक्त दोन नंबर चालू, दोन्ही चालू. ओटा एकच असल्यामुळे शेजाऱ्याचं कंपन येणारच. उंबरठा शून्याच्या वर ठेवायचा नसतो, शेजाऱ्याच्या वर ठेवायचा असतो.

निफाडकर दादा, पाणबुडी मोटरला हे जमणार नाही. विहिरीच्या तोंडाशी पाइपाला बांधलं तर त्यात पाण्याचा खळखळाट जास्त आणि मोटर कमी सापडेल. तुमच्यासाठी अनघाताईंचाच उपाय, पण तिन्ही वायरींना वेगवेगळा ट्रान्सफॉर्मर लावा. एक फेज गेला की एका वायरचा करंट शून्य आणि उरलेल्या दोघींचा भडकलेला. तशी नुसती गुंगत ठेवली तर मोटर काही मिनिटांत जळते, तेव्हा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आधी बसवा, बाकीचं नंतर.

तुमच्या प्रश्नात ताईंच्याही कामाची गोष्ट आहे. त्यांच्या पंपालाही एक फेज मिळाला नाही तर तो फिरणार नाही, पण जोरात गुंगेल, आणि नुसता आरएमएस म्हणेल "पंप चालू आहे". म्हणून ४७ ते ५० हर्ट्झमध्ये काही आहे का तेही बघा. १०० आहे पण ४८ नाही, याचा अर्थ वीज आहे पण फेरा नाही. तेव्हा ताबडतोब बंद करायचा निरोप गेला पाहिजे.

सातवा_मजला (९ मार्च)

काल दुपारी पाण्याची वेळ संपल्यावर सगळं केलं. मोजणीचा भाग आता असा आहे:

```cpp
double sum = 0, sq = 0;
unsigned long t0 = micros();
for (int i = 0; i < 2048; i++) {
  while (micros() - t0 < 1000) {}
  t0 += 1000;
  double g = readZ() / 16384.0;
  sum += g;
  sq += g * g;
}
double m = sum / 2048;
double rms = sqrt(sq / 2048 - m * m);
```

दोन्ही बंद: ०.००७ जी, म्हणजे बहुधा सेन्सरची स्वतःची खरखर. फक्त दोन नंबर चालू: ०.०१९. फक्त एक नंबर चालू: ०.०८४. इथपर्यंत आकडे स्थिर, फार बरं वाटलं.

दोन्ही चालू असताना मात्र आकडा ०.०६६ ते ०.१०२ असा झोके घेतो, दर तीन-चार सेकंदांनी. खोलीत उभं राहिलं की कानालाही "वाँऽव वाँऽव" ऐकू येतं. काही सैल आहे का?

वायंडिंग_मिस्त्री (९ मार्च)

काही सैल नाही ताई. दोन मोटरी एका ओट्यावर असल्या की असा आवाज येतोच. एकीचे फेरे जरा जास्त, दुसरीचे जरा कमी. आमच्या वर्कशॉपात रोज ऐकतो.

कंपनकाका (९ मार्च)

मिस्त्री बरोबर बोलले. एक ४७.९ ने फिरते, दुसरी ४८.२ ने, फरक ०.३ हर्ट्झ, म्हणजे साधारण तीन सेकंदांनी एक झोका. ०.०६६ च्या खाली जात नाही आणि शेजारी ०.०१९ च्या वर नाही. ०.०४५ च्या वर गेला की चालू आणि ०.०३ च्या खाली सलग दहा सेकंद राहिला की बंद, असं ठेवा. मधल्या पट्ट्यात आधीची स्थिती कायम. इथे पहिला प्रश्न संपला.

ईएसपीवेडा (१० मार्च)

काका, माझ्या एफएफटीचं काय? बेअरिंग ६२०५ असेल तर तक्त्यात बाहेरच्या कड्याची फ्रिक्वेन्सी फेऱ्यांच्या ३.५८ पट दिलीय. ४८ ला १७२ हर्ट्झ. ६०५० ला सहज दिसेल.

कंपनकाका (१० मार्च)

गणित तुझं बरोबर आहे. तक्ता नसला तरी चालतं: गोळ्यांची संख्या गुणिले फेरे गुणिले ०.४ म्हणजे बाहेरचं कडं, ०.६ म्हणजे आतलं. ६२०५ मध्ये नऊ गोळ्या, तेव्हा १७२ आणि २६० च्या आसपास. ४८ च्या पटीत १४४ आणि १९२ येतात, १७२ येत नाही. म्हणून तिथे टोक दिसलं तर ते बेअरिंगचं असण्याची शक्यता खरंच मोठी.

अडचण वेळेची आहे. गोळी खड्ड्यावरून जाते तेव्हा बसणारा ठोका फार छोटा असतो. हातोडीने घंटेला हलकेच टिचकी मारल्यासारखं होतं, घंटा तिच्या स्वतःच्या उंच सुरात वाजते. सेकंदाला १७२ टिचक्या बसतात खऱ्या, पण आवाज येतो हजारो हर्ट्झमध्ये. ६०५० ला २६० हर्ट्झच्या वरचं नीट दिसतच नाही. १७२ वर स्वच्छ टोक उभं राहतं तोवर खड्डा मोठा झालेला असतो. तुझी पद्धत बेअरिंग गेल्याचं सांगेल. जाऊ लागल्याचं सांगायला वरचा पट्टा लागतो.

कारखान्यात २० किलोहर्ट्झपर्यंत बघायचो. ताईंना तेवढा खर्च नको. एडीएक्सएल-३४५ हा सेन्सर एसपीआयने जोडला तर सेकंदाला ३२०० वाचनं देतो, म्हणजे १६०० हर्ट्झपर्यंत. अगदी सुरुवात नाही सापडणार, पण मधली अवस्था सापडेल, आणि सोसायटीला काही आठवड्यांची सूचना पुरे आहे. ५०० हर्ट्झच्या खालचं गाळून टाका आणि उरलेल्याचा आरएमएस रोज एकदा लिहा. ठरावीक स्थितीतच: एकटा एक नंबर चालू, सुरू होऊन तीन मिनिटं झालेली, खालची टाकी निम्म्याच्या वर. एका आकड्याला काहीच अर्थ नाही. तो आकडा महिनाभरात कुठे चाललाय त्याला अर्थ आहे.

वायंडिंग_मिस्त्री (११ मार्च)

राग मानू नका, पण स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला, एवढ्यावर ३० वर्षं चाललंय माझं. खरखर ऐकू आली की बदलायचं. मोनोब्लॉकमध्ये बेअरिंग आपणहून फार कमी जातं. मेकॅनिकल सील गळतं, पाणी शाफ्टवरून बेअरिंगमध्ये शिरतं आणि ग्रीस धुतलं जातं. बेअरिंग बदलून सील जुनंच ठेवलं तर तीन महिन्यांत परत या. मागच्या वेळी सील बदललं होतं का, ते बिलात बघा.

सातवा_मजला (११ मार्च)

बिल काढलं. वायंडिंग, दोन बेअरिंग, रंग. सीलचा उल्लेख नाही.

सातवा_मजला (२९ एप्रिल)

दीड महिन्याने परत येतेय. ३४५ बसवून रोज पहाटे साडेपाचच्या पाण्याला नोंद घेतली. ५०० हर्ट्झच्या वरचा आकडा मार्चअखेरपर्यंत ०.०७ जीच्या आसपास होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून चढतोय, आज ०.१९. ४८ हर्ट्झचा भाग तसाच आहे, ०.०५ जी. तो मिलिमीटर प्रति सेकंदात काढला तर १.६ येतो:

v = a / (2πf) = (0.05 × 9.81) / (2π × 48) ≈ 0.0016 m/s

आयएसओ १०८१६ च्या जुन्या तक्त्यात १५ किलोवॉटपर्यंतच्या यंत्रांना १.८ पर्यंत ठीक म्हटलंय आणि ४.५ च्या पुढे धोका. म्हणजे तक्ता सांगतो सगळं छान आहे, आणि माझा आलेख सांगतो की नाही. कुणाचं ऐकू?

ईएसपीवेडा (२९ एप्रिल)

बेअरिंग! बदला लगेच.

कंपनकाका (३० एप्रिल)

दोघंही खरं बोलताहेत. तो तक्ता वेगाचा आहे. वेगात उंच फ्रिक्वेन्सी भागली जाऊन लहान होते, म्हणून बेअरिंगची सुरुवात तिथे दडते. पण घाईने बेअरिंगलाही दोष देऊ नका. एप्रिलमध्ये अजून एक गोष्ट बदलते, टाकीतलं पाणी. पंपाला खालून पाणी ओढणं जड गेलं की पंपाच्या आतल्या पंख्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात. तो आवाज खडी भरडल्यासारखा असतो आणि त्याच उंच पट्ट्यात येतो.

पंप चालू असताना वर जाणाऱ्या पाइपाचा कॉक थोडा थोडा बंद करत निम्म्यावर आणा. पाणी कमी झालं की ओढही कमी होते, बुडबुडे असले तर आकडा लगेच उतरतो. बेअरिंगला त्याचं फारसं देणंघेणं नसतं. एक मिनिटच करा आणि कॉक पुन्हा पूर्ण उघडा.

सातवा_मजला (३ मे)

कॉक निम्मा केल्यावर ०.१९ चा ०.१३ झाला. प्लंबरला बोलावून फूट व्हॉल्व्ह वर काढला. जाळीवर शेवाळ आणि प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा. साफ करून बसवल्यावर कॉक पूर्ण उघडा असताना ०.१२. खाली आला, पण ०.०७ वर नाही आला.

आणि वेड्या, तुझ्यासाठी: १७१.५ वर आता एक बारीक टोक आहे. मार्चच्या नोंदीत त्या जागी काहीच नव्हतं. मोटरचे फेरे ४७.९ आहेत, त्याला ३.५८ ने गुणून बघ.

कंपनकाका (३ मे)

म्हणजे दोन दुखणी एकावर एक होती. आता उघडा. मिस्त्रींनी सांगितलेलं सील आधी आणून ठेवा.

सातवा_मजला (१२ मे)

काल उघडला, मी समोर उभी होते. सीलच्या मागे शाफ्टवर गंजाचा तांबूस ओघळ. पंपाच्या बाजूच्या बेअरिंगचं झाकण काढलं तर आत ग्रीस नव्हतं, ताकासारखं पांढुरकं पाणी होतं. कारागिराने ते रॉकेलने धुऊन बाहेरचं कडं उजेडात धरलं. एकाच जागी तांदळाच्या दाण्याएवढा खवला निघालेला, बाकी सगळं कडं गुळगुळीत. मागचं बेअरिंग ठीक होतं, तरी दोन्ही बदलली. सील नवीन. आज पहाटे ०.०६ जी, आणि १७१ वर काही नाही. पाणी एक दिवसही बंद ठेवावं लागलं नाही. दोन नंबरवर काम चाललं.

वॉचमनना ते कडं दाखवलं आणि आता फोनवर आलेख कसा बघायचा तेही शिकवलंय.

द्राक्षबाग_निफाड (१२ मे)

आम्ही तीन ट्रान्सफॉर्मर लावले, चांगलं चाललंय. एक विचारतो, किती आकडा आला की बेअरिंग बदलायचं असा काही ठोक नियम आहे का? चुलत्याकडे जमिनीवरची मोटर आहे, त्याला सांगेन.

कंपनकाका (१३ मे)

ठोक नाही, दादा. मी स्वतः चांगल्या दिवसांच्या आकड्याच्या दुप्पट झाला की लक्ष घालायचो आणि वाढीचा वेग बघायचो. पण कारखान्यातले माझेच सहकारी तिपटीपर्यंत थांबायचे आणि त्यांचंही फार चुकायचं नाही. एक जपा: फार चढलेला आकडा कधी कधी मध्येच थोडा उतरतो, कारण खड्ड्याच्या धारदार कडा घासून गोल होतात. त्याला बरं होणं समजू नका.

सातवा_मजला (१९ मे)

आता दोन नंबरवरही सेन्सर आहे आणि तिथे वेगळंच कोडं आहे. दुपारी सगळं शांत, रात्री साडेअकराच्या फेरीला १०० हर्ट्झचा भाग जवळपास दुप्पट. टाकीची पातळी तीच, एकटाच चालू.

कंपनकाका (१९ मे)

दोन्ही वेळचं व्होल्टेज मोजा. रात्री भार उतरला की ते चढतं, आणि लोखंडातली चुंबकीय ओढ त्याहून जास्त वाढते.

सातवा_मजला (२१ मे)

दुपारी ४०५, रात्री ४३५. म्हणजे तुमचं बरोबर असावं. पण ५०० च्या वरचा आकडाही रात्री ०.०८ चा ०.१० होतो. तो व्होल्टेजने का वाढावा?

कंपनकाका (२१ मे)

त्याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नाही. अजून पंधरा दिवसांच्या नोंदी टाका.

वायंडिंग_मिस्त्री (२२ मे)

मोटरचा एखादा पाय ओट्यावर नीट टेकला नसेल. एकेक नट अर्धा फेरा सैल करून आकडा बघा आणि परत आवळा, मगच पुढचा. एखादा सैल केल्यावर आकडा उतरला, तर त्याच पायाखाली फट आहे. तिथे पत्र्याची पट्टी घाला. चारही एकदम सैल करू नका.

सातवा_मजला (२२ मे)

रविवारी रात्रीच्या फेरीला करते. इलेक्ट्रिशियन बरोबर असेल.